आमचा फाउंडर

आमच्या घरात वेटिंग म्हणजे रेल्वेचं. वेटिंग चौदा कन्फर्म होईल का, या चिंतेत माझ्या आईने आयुष्यातल्या निम्म्या यात्रा केल्या. रांगेत अडकणं ही आमच्या पिढीला नामुष्की वाटे. भाच्याने तिचाच धंदा काढलाय. त्याचं बजेटचं ॲप अजून तयार नाही, पण त्यासाठी रांग लावायचं काम जोरात सुरू आहे. तेव्हापासून घरात त्याला सगळे ‘फाउंडर’ म्हणतात. तोही ओ देतो.

फाउंडर ही जमात तुम्ही पाहिली असेल. पुण्यातल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातल्या प्लगजवळ ती आढळते. आमचा नमुनाही एकशे ऐंशी रुपयांची कॉफी समोर ठेवून लोकांनी उधळपट्टी कशी थांबवावी यावर चार तास बोलतो. कॉफीचे पैसे माझी बहीण देते. ती त्याची पहिली गुंतवणूकदार, आणि परताव्याबद्दल एक शब्दही न विचारणारी.

मी एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलो. तिथे शब्दाला पैसे पडत. ‘सुंदर, प्रशस्त, हवेशीर’ लिहून आणणारा गिऱ्हाईक दर ऐकला की ‘हवेशीर’वर यायचा. त्यामुळे वेटलिस्टच्या पोस्टखालची कॅप्शन घेऊन फाउंडर माझ्याकडे आला. “मामा, तू फक्त एक नजर टाक,” म्हणाला. कॅप्शन अशी होती : ‘तुमच्या फायनान्शियल जर्नीला रीडिफाइन करणारं नेक्स्ट-जेन स्मार्ट सोल्युशन! वेटलिस्ट जॉइन करा, एक्सक्लुझिव्ह बेनिफिट्स मिळवा! स्टे ट्यून्ड!’

“हे काय विकतंय?” मी विचारलं.

“बजेटिंग.”

“मला वाटलं, चारधाम यात्रा.”

तो रुसला, पण उठला नाही. मग कळलं की इन्स्टाग्रामवर कॅप्शनची पहिली शंभर-सव्वाशे अक्षरंच दिसतात. पुढचं वाचायला ‘more’ दाबावं लागतं. म्हणजे माझ्याच खिडकीचा नियम! जागा मोजून मिळते, आणि याने ती ‘नेक्स्ट-जेन’मध्ये घालवली होती.

“हे ॲप करतं काय, ते तुझ्या आजीला सांगशील तसं सांग,” मी म्हटलं.

आजीचं नाव निघताच तो माणसात आला. आजी पगाराच्या दिवशी पैसे डब्यांत वाटायची. दूध, किराणा, भाडं, आला-गेला. डबा हलका लागला की हात आपोआप आखडायचा. यूपीआयने डबेच काढून घेतले. स्कॅन केलं, टुंग वाजलं, संपलं. फाउंडरचं ॲप बँकेचे मेसेज वाचून आज खर्चायला किती उरलेत तेवढा एकच आकडा दाखवतं. समजा पगार ४५ हजार. भाडं, हप्ता, एसआयपी आणि घरी पाठवायचे मिळून ३० हजार बाजूला. उरले १५ हजार, तीस दिवसांत रोज ५००. पहिल्याच दिवशी पार्टीत ७९० उडवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ४९० होतो. कुणी ओरडत नाही, फक्त दहा रुपये कमी दिसतात.

“मग हे लिही ना!”

“पण मामा, हे फारच साधं वाटतं.”

या जमातीचं दुखणं इथेच आहे. काम चोख करतात आणि ते साध्या शब्दांत सांगायला लाजतात.

मग लाभांकडे वळलो. आधी नाव नोंदवणाऱ्याला काय, तर ‘फाउंडिंग मेंबर बॅज’ आणि ‘लाइफटाइम फ्री’. बॅज कुठे लावायचा ते त्यालाही सांगता येईना. ‘लाइफटाइम’ कुणाचा, हे मी विचारलं. गिऱ्हाइकाचा की ॲपचा? मग त्यानेच अमेरिकेतल्या ‘मिंट’चं सांगितलं. फुकट बजेट दाखवणारं ते नावाजलेलं ॲप २००७मध्ये आलं, २००९मध्ये मोठ्या कंपनीने विकत घेतलं आणि २०२४मध्ये बंद झालं. गिऱ्हाइकं धडधाकट होती, लाइफटाइम संपला तो ॲपचा. ‘लाइफटाइम’ खोडून आम्ही सहा महिने फुकट आणि पुढचं वर्षभर ४९ रुपये लिहिलं. नेहमीचा दर ९९. आता माणसाला हिशेब करता येतो, आणि बजेटच्या गिऱ्हाइकाला तोच तर करायचा असतो.

रांगेत पुढे सरकायची युक्तीही त्याच्याकडे तयार होती. तीन मित्र आणा, नंबर वर जाईल. ‘रॉबिनहूड’ नावाच्या शेअर खरेदीच्या ॲपने सुरू होण्याआधी असंच करून लाखो नावं जमवली होती. मी म्हटलं, याला आमच्याकडे वशिला म्हणतात. शिवाय अशी नावं पोकळ निघतात. नंबरासाठी माणूस स्वतःच चार ईमेल काढतो. शेवटी ठरलं की ईमेलवर आलेली लिंक उघडेल त्याचंच नाव मोजायचं. यादी निम्मी झाली तरी चालेल. फाउंडरला चालणार नव्हतं, पण बहीण मागे उभी होती.

खरी पंचाईत पुढे आली. ‘बँकेचे मेसेज वाचतं’ म्हटलं की आजकाल माणूस पळतोच, आणि पळावं. तेव्हा ओटीपी, पिन, पासवर्ड कधीच मागणार नाही, हे लिहायलाच हवं. तेवढ्यात बहिणीने विचारलं, “माझ्या आयफोनवर चालेल ना रे?” शांतता पसरली. आयफोन कुठल्याच ॲपला मेसेज वाचू देत नाही. फाउंडरला हे ठाऊक होतं, फक्त कॅप्शनमध्ये सांगावंसं वाटलं नव्हतं. आणखी खोदल्यावर निघालं की काही बँका लहान रकमांचे मेसेजच पाठवत नाहीत. म्हणजे चहा-वडापाव हातानेच लिहायचा. आणि मेसेज आलाच, तर त्यात ‘चहा’ नसतं, टपरीवाल्याचं पाळण्यातलं नाव असतं. पहिल्या आठवड्यात ॲपलाच ते शिकवावं लागतं.

“हे लिहिलं तर कोण येणार, मामा?”

“येणारे राहतील. छोट्या जाहिरातीत ‘पाणी एक वेळ’ लिहिलेली खोली लवकर जायची. बघायला येणारे कमी, पण परत जाणारे त्याहून कमी.”

रात्री साडेअकराला कॅप्शन तयार झाली :

‘पगार १ तारखेला. १८ तारखेला खिसा रिकामा. गेले कुठे? त्यापेक्षा रोज सकाळी बघा, आज किती खर्चता येतील.

भाडं, हप्ते बाजूला काढून ॲप रोज एकच आकडा दाखवतं. ओटीपी, पिन, पासवर्ड कधीच मागत नाही. सध्या फक्त अँड्रॉइडवर. लहान रकमा काही वेळा हाताने भराव्या लागतील.

पहिल्या ५०० जणांना सहा महिने फुकट, पुढचं वर्षभर ९९ ऐवजी ४९ रुपये महिना. नाव नोंदवायला फक्त ईमेल. लिंक बायोमध्ये.’

लिंक बायोमध्येच द्यावी लागते. कॅप्शनमधली दाबून उघडत नाही, हे मला त्या रात्री कळलं. ‘स्टे ट्यून्ड’ ठेवण्यासाठी फाउंडरने शेवटपर्यंत झुंज दिली. मी शब्दाला वीस रुपये दर सांगितला, तेव्हा गेलं.

आठवड्यात १२६ नावं आली, लिंक उघडून ७१ पक्की झाली. बहिणीने आयफोन असूनही नाव घातलंय. तिचं म्हणणं, मुलाच्या रांगेत आईने उभं राहायला नको का? माझा नंबर सातवा. ईमेल फाउंडरनेच काढून दिला. माझा फोन बटणांचा आहे.