नेहमीचा हॉल, नेहमीची वेळ: निमंत्रण लिहिणाऱ्या नवशिक्यांसाठी

मंडळाच्या वार्षिक सभेत तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि परत येऊन बसेपर्यंत चिटणीस झालात. अभिनंदन. जर्मनीत संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. निमंत्रण लिहायला एकच पुरतो. उरलेले सहा ते पाठवल्यानंतर त्यातल्या चुका काढतात. तुमचं पहिलं काम पाडव्याचं. घाबरू नका, कृती सोपी आहे.

साहित्य: गेल्या वर्षीचं निमंत्रण एक, मूठभर उद्गारचिन्हं, गणपतीचं एक चित्र (पाडव्यालाही चालतं). कृती: गेल्या वर्षीच्या निमंत्रणातली तारीख बदला आणि पाठवून द्या. नमुना म्हणून २०२५ साली मी स्वतः असंच शिजवलेलं निमंत्रण देतो:

‘सर्वांना सप्रेम नमस्कार! यंदाही नेहमीप्रमाणे आपण गुढीपाडवा जल्लोषात साजरा करणार आहोत!! रविवार, ३० मार्च, सकाळी ११ वाजता, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये. नेहमीप्रमाणे प्रत्येकाने एक पदार्थ आणावा. सभासदांनी नावे कळवावीत. सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे! आपली, कमिटी.’

वाचायला किती गोड! जुन्या मंडळींना तर यातलं काहीच वाचायची गरज नव्हती, त्यांना सगळं ठाऊकच होतं. गंमत अशी की निमंत्रणाची ज्यांना खरी गरज असते त्यांनाच काही ठाऊक नसतं. म्हणून दुसरी पायरी: पाठवण्याआधी हे निमंत्रण जानेवारीत इथे उतरलेल्या एका बाईच्या डोळ्यांनी वाचा. तिचा नवरा ऑफिसात, मूल तीन वर्षांचं, अंगावरचा कोट उसना, आणि शहरात ओळखीचं कुणी नाही. रात्री अकराला मूल झोपल्यावर ती हे वाचते आहे. तिला यायचं आहे. पण ‘नको जाऊया’ म्हणायला एखादं कारण सापडलं तर तेही तिला हवंच आहे. आणि मी एवढ्याशा मजकुरात तिला अर्धा डझन कारणं दिली होती.

‘नेहमीचा हॉल’ घ्या. आमचा हॉल नगरपालिकेच्या सार्वजनिक इमारतीत आहे. इमारतीचं मोठं काचेचं दार वाचनालयाचं, रविवारी बंद. आपलं दार मागच्या अंगाला, सायकली लावतात तिथून चार पायऱ्या उतरून. बाबागाडी असेल तर डावीकडच्या उतारावरून जायचं. हे आम्हाला इतकं पाठ आहे की सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. त्या वर्षी एक कुटुंब काचेच्या दाराशी वीस मिनिटं उभं राहून परत गेलं. मला ते तीन महिन्यांनी इंडियन दुकानात, तांदळाच्या पोत्यांपाशी कळलं. फोन का केला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘कुणाला करणार? खाली फक्त कमिटी लिहिलं होतं.’ तेव्हा पत्ता घर क्रमांकापर्यंत लिहा, दार कुठलं ते लिहा, आणि सही करताना कमिटीच्या मागे लपू नका. नाव आणि फोन नंबर एका माणसाचा द्या, आणि तो माणूस त्या दिवशी फोन उचलणारा असू द्या. खजिनदाराचा देऊ नका, तो कुणाचाच फोन उचलत नाही.

आता वेळ. ३० मार्च २०२५ हा पाडव्याचा दिवस, आणि जर्मनीत घड्याळं एक तास पुढे सरकण्याचाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनाचे एकदम तीन वाजतात. मोबाइल आपणहून बदलतो. ओव्हनवरचं, भिंतीवरचं आणि आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. व्हिसाच्या नव्वद दिवसांसाठी मुलीकडे आलेले एक आजोबा त्या सकाळी घरात एकटेच वेळेवर तयार होते, त्यांच्या घड्याळाप्रमाणे. सगळं कुटुंब पोचलं तेव्हा गुढी उभी राहून आरतीही आटोपली होती. ते काही बोलले नाहीत. फक्त गुढीपाशी गेले, नमस्कार केला, आणि पुन्हा एकदा मनगटाकडे पाहिलं. निमंत्रणात एक ओळ हवी होती: ‘शनिवारी रात्री घड्याळ पुढे करा.’ नवीन माणसाला हे माहीत नसतं आणि जुन्याला आठवत नसतं.

एरवीही ‘सकाळी ११’ ही काही वेळ नव्हे. अकराला काय आहे? दार उघडणं, गुढी, की जेवण? लहान मूल असलेल्या घराला दोनच गोष्टी कळायला हव्यात: जेवण किती वाजता आणि सुटका किती वाजता. जेवण एकला म्हणून दोनवर गेलं तर तीन वर्षांचं मूल श्रीखंडाची वाट पाहत बसत नाही, ते आडवं होतं. म्हणून वेळा तोडून लिहा, आणि जेवणाची लिहिलेली वेळ पाळा. भाषणं कापावी लागली तर कापा. कुणी तक्रार करत नाही, हा माझा अनुभव आहे.

‘सहकुटुंब सहपरिवार’ हा शब्द लग्नपत्रिकेतून आलाय आणि तिथे तो शोभतो. इथे त्याचे भलते अर्थ निघतात. ऑक्टोबरात शिकायला आलेला मुलगा तो वाचून म्हणतो, हे संसारी लोकांचं दिसतंय, आपण एकटे कशाला? बायको जर्मन असलेला माणूस म्हणतो, सगळे मराठीत बोलणार, ती चार तास काय करेल? त्यात दर ‘फॅमिली तिकीट’ म्हणून लिहिला, तर एकट्या आईला वाटतं, ते चौघांचं असणार. हे लोक विचारत नाहीत, येत नाहीत इतकंच. म्हणून गोळाबेरीज शब्द टाकून द्या आणि माणसं मोजून लिहा: एकटे या, मुलांना घेऊन या, मराठी न येणाऱ्या जोडीदाराला घेऊन या. दर फॅमिलीमागे ठेवू नका, डोक्यामागे ठेवा, आणि किती वर्षांपर्यंतचं मूल फुकट तेही सांगा. सभासद असणं गरजेचं नसेल तर स्पष्ट तसं लिहा. ‘सभासदांनी नावे कळवावीत’ हे वाचून बाहेरचा माणूस ‘बाकीच्यांनी कळवू नयेत’ असंच समजतो. त्यात त्याची काय चूक?

‘प्रत्येकाने एक पदार्थ आणावा’ ही आमची जुनी, प्रेमळ पद्धत. पण त्या विद्यार्थ्याकडे एकच पातेलं आहे, त्यात तो चहाही करतो आणि मॅगीही. त्या जानेवारीतल्या बाईचा कुकर अजून जहाजाच्या सामानात आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला पदार्थ माफ करा, आणि तो मान ठेवून माफ करा. रिकाम्या हातानं यायला आपल्याकडे लाज वाटते, म्हणून सुटकेची वाट दाखवून ठेवा: ‘फारच वाटलं तर केळी आणा.’ आमच्याकडे मग चाळीस केळी झाली, पण माणसं आली. पदार्थ आणणाऱ्यांना मात्र एक चिठ्ठी लावायला सांगा: दाण्याचं कूट, काजू, गहू, दूध यांतलं काय आहे. कोशिंबिरीत कूट आहे हे आपण गृहीत धरतो. दाणे न चालणाऱ्या मुलाच्या आईला ते बघून कळत नाही.

राहिली नावनोंदणी. ‘लवकरात लवकर कळवा’ लिहिलं की कुणी कळवत नाही. तारीख द्या, आणि कारणही द्या. आमचं कारण आहे क्वार्क. इथे चक्क्याच्या जागी क्वार्क वापरतात, दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यात मिळतं. त्यातला चाळीस टक्क्यांचा प्रकार घ्यायचा आणि रात्रभर पंच्यात टांगायचा. डब्यामागे साधारण चारशे ग्रॅम उरतं, त्यात अडीचशे ग्रॅम साखर घातली की साडेसहाशे ग्रॅम श्रीखंड. माणशी शंभर ग्रॅम धरलं तर साठ माणसांना दहा डबे. २०२५ साली साठ नावं आली, माणसं आली पंचाऐंशी. म्हणजे आणखी चार डबे हवे होते. पण जर्मनीत रविवारी स्टेशनातली काही दुकानं सोडली तर जवळजवळ सगळं बंद, आणि कुठलं दुकान उघडं असलं तरी क्वार्क टांगायला रात्र लागतेच. शेवटच्या पंगतीला श्रीखंड चमच्यानं मोजून वाढलं. वाढणारा मीच होतो, समोर बसलेले सगळे पहिल्यांदा आलेले होते. कारण जुने लोक आधी जेवून घेतात.

हे सगळं गाठीशी बांधून २०२६ चं निमंत्रण लिहायला बसलो. पाडवा आला गुरुवारी, १९ मार्चला. पण इथे सण पंचांगापेक्षा हॉलच्या बुकिंगवर ठरतात. भारतातून नव्यानं आलेल्याला रविवारचा पाडवा चमत्कारिक वाटतो, म्हणून तेही आधीच सांगून टाकलं. घड्याळ त्या वर्षी आमच्या कार्यक्रमानंतर आठवड्यानं बदलणार होतं, त्यामुळे ती ओळ गाळली. गणपतीचं चित्रही गाळलं, त्याबद्दल कमिटीत पाऊण तास चर्चा झाली. उद्गारचिन्ह एकच ठेवलं, उपाध्यक्षांच्या आग्रहाखातर. पत्ता आणि नंबर सोडून मजकूर असा:

‘नमस्कार! पाडवा गुरुवारी, १९ मार्चला आहे, पण सुट्टी नसल्यानं आपण तो रविवारी, २२ मार्चला करतो. दार साडेदहाला उघडेल. साडेअकराला गुढी, एकला जेवण, चारला आवराआवर. लहान मुलांसाठी बिनतिखट वरणभात साडेबारापासून तयार असेल. दार इमारतीच्या मागे, सायकलींपाशी. बाबागाडीसाठी डावीकडे उतार आहे. रविवारी बस तासाला एकच असते, तेव्हा ती चुकली तर मला फोन करा, स्टेशनवरून कुणीतरी घ्यायला येईल. दारात पिवळ्या फेट्यात मी उभा असेन.

सभासद असायची गरज नाही. एकटे या, मुलांना, आईवडिलांना घेऊन या, मराठी न येणाऱ्या जोडीदारालाही आणा. पहिल्यांदा येत असाल तर काही आणू नका, फारच वाटलं तर केळी. नाव बुधवार, १८ मार्चच्या रात्रीपर्यंत कळवा, कारण शुक्रवारी श्रीखंड टांगायचं आहे.

इथल्या इमारतींच्या दाराशी घंट्यांच्या शेजारी आडनावांच्या पाट्या असतात. तुमच्या दाराशी नवीन मराठी आडनाव दिसलं असेल, तर ती घंटी वाजवा आणि येताना त्यांना बरोबर घेऊन या.’