वक्री बुध आणि चाळीतला कांदा

घोडेगावाला ग्रहांचं भय नवं नाही. शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथल्या माणसाचं शनीशी शेजारपणच आहे. बुधाला मात्र फारसं कुणी विचारत नसे. आता मोबाइलवर निरोप येतो, ‘बुध वक्री, व्यवहार टाळा’, आणि चाळीत कांदा असलेला माणूस गुरुजींकडे जातो.

२०२५चा नोव्हेंबर घ्या. ९ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर बुध वृश्चिकेत वक्री झाला, मागे सरकत तुळेत आला आणि २९च्या रात्री मार्गी झाला. तो खरोखर मागे फिरत नाही. रिंगणात आतल्या बाजूने धावणारा घोडा आपल्याला गाठून पुढे जातो, तसा तो पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून निघून जातो. तेवढे तीनेक आठवडे तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा चाललेला दिसतो. साधारण ११६ दिवसांनी हे पुन्हा घडतं, म्हणून वर्षातून तीनदा, क्वचित चारदा.

गंमत अशी, की आपल्या जुन्या ज्योतिषात वक्री ग्रह दुबळा नसतो. त्याला चेष्टाबल मिळतं, तो जोरकस होतो. लग्नाच्या मुहूर्तालाही गुरू-शुक्राचा अस्त आडवा येतो, बुधाचं वक्रीपण सहसा नाही. ‘काहीच करू नका’ हा धसका बराचसा परदेशी राशिभविष्यांतून आलेला. मुरलेले गुरुजी बुधाकडून वाणी, हिशोब, कागद आणि व्यापार बघतात आणि वक्रीकाळात एकच गोष्ट सांगतात: नवं मांडण्यापेक्षा जुनं पुन्हा तपासा.

“गुरुजी, माल काढू का २९पर्यंत ठेवू?”

“कोंब आलेत का?”

“आलेत थोडे.”

“मग काढा. कोंबाला पंचांग कळत नाही. फक्त पट्टी दोनदा वाचा. गोण्या, वजन, हमाली, तोलाई. आणि गाडीवाल्याला सकाळी पुन्हा फोन करा.”

हा सल्ला मला आवडतो, कारण तो चुकला तरी कुणाचं नुकसान होत नाही. नोव्हेंबरात गावरान कांदा चाळीत शेवटच्या घटका मोजत असतो आणि नवा लाल कांदा बाजारात उतरू लागतो. तीन आठवडे थांबणं म्हणजे सडीला आमंत्रण. शिवाय वक्री असण्याचीच भीती घ्यायची, तर त्या वर्षी शनी १३ जुलैपासून २८ नोव्हेंबरपर्यंत वक्री होता. तेवढे महिने कुणी लिलाव बंद ठेवायला सांगितलं नाही.

बुधाचे वक्री दिवस एकत्र केले, तर वर्षाचा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. म्हणजे चुकलेल्या दर पाच निरोपांपैकी एक आपोआपच त्याच्या माथी बसणार. उरलेले चार कुणाचे, हे विचारलं की गुरुजी चष्मा पुसत म्हणतात, “ते तुमच्या नेटवर्कचे.”