पंचवीस किलो झेंडू

दसऱ्याची दुपार टळली की झेंडूला कुत्रं विचारत नाही, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मॅनेजमेंट कॉलेजात ‘न्यूजव्हेंडर मॉडेल’ शिकवतो, म्हणून मला ते सूत्रासकट ठाऊक आहे. त्यामुळे सोसायटीच्या पोरांनी गेटबाहेर फुलांचा स्टॉल टाकायचं ठरवलं, तेव्हा किती किलो आणायची हे मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगायला गेलो.

माल एकदाच भरायचा, एकाच दिवशी विकायचा, उरला तर माती. अशा धंद्यात दोनच आकडे लागतात: एक किलो कमी पडलं तर किती बुडतं आणि एक किलो उरलं तर किती. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. हा झाला क्रिटिकल रेशो. मागणी आपल्या मालात भागण्याची शक्यता जिथे त्या रेशोइतकी होते, तिथे खरेदी थांबवायची.

मार्केट यार्डात भाव किलोला ६० रुपये, आम्ही विकणार १०० ला. मागणी ६० ते १४० किलोंमध्ये कुठेही, सगळीकडे सारखीच शक्यता, असं मी धरलं. मग पोरांसमोर ऐटीत मांडलं: गिऱ्हाईक परत गेलं तर १०० बुडाले, फुलं उरली तर ६०. म्हणजे 100/160 = 0.625. ८० किलोंच्या पट्ट्याचे तेवढे ५०, त्यात खालचे ६०. आणा ११० किलो!

८५ खपली. संध्याकाळी पंचवीस किलो झेंडू आणि मी, असे दोघेच स्टॉलवर उरलो. तिसरा आमचा खजिनदार, अकरावी कॉमर्स.

“काका, जे किलो आपण आणलंच नाही, त्याचे साठ रुपये आपल्याच खिशात राहिले असते ना? मग बुडाले चाळीसच.”

बरोबर होतं. कमी पडल्याचा तोटा म्हणजे विक्रीची किंमत नव्हे, हुकलेला नफा. वर्गात मी हे दरवर्षी लाल खडूने अधोरेखित करतो. 40/100 = 0.4, म्हणजे ९२ किलो. सरासरी मागणी १०० असूनही तिच्याहून कमी! नफा बेताचा आणि उरलेलं कवडीमोल असलं, की गणित असं हात आखडायला लावतं. ९२ आणली असती तर २९८० रुपये सुटले असते. माझ्या हुशारीने १९०० सुटले.

मागणी १२० निघाली असती तर माझे ११० च भारी ठरले असते, हे मी त्याला लगेच ऐकवलं. एका दसऱ्यावरून सूत्र खरं-खोटं ठरत नाही, हे शास्त्र म्हणून खरंच आहे; पण उरलेल्या झेंडूच्या ढिगाआडून बोलताना ते सबबीसारखं वाटतं.

खजिनदार वहीत काहीतरी लिहीत होता. “पुढच्या वर्षी उरलेली फुलं संध्याकाळी वीसला काढू. मग उरल्याचा तोटा चाळीसच, रेशो अर्धा. शंभर किलो आणायची.”

“वीसला घेणार कोण?” मी विचारलं.

“तुम्ही,” तो म्हणाला.