भाऊ की माऊ

अण्णांची १९६७ सालची डायरी वहीतून संगणकावर उतरवायला मला दोन पावसाळे लागले. वर जोडायच्या टिपेला तिसरा लागला. ताईने बजावलं होतं, "हे बघ, प्रती निघणार सहा. वाचणार आपणच. न लागलेल्या शब्दांना कुठली खूण केलीस तेवढं अर्ध्या पानात लिही. प्रबंध नको."

अर्धं पान म्हणजे काय, असं मलाही वाटलं होतं. पण खूण निवडायला बसलो आणि अडलो. उतरवणाऱ्याची खूण अशी हवी की मूळ लिहिणाऱ्याने ती कधीच वापरलेली नसेल. अण्णांनी काय वापरायचं शिल्लक ठेवलं होतं?

मी आधी लायडनची पद्धत धरली. १९३१ साली हॉलंडातल्या लायडन गावी जुने पपायरस वाचणाऱ्या पंडितांनी खुणा ठरवल्या. त्यात शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात. छान, सुटसुटीत. पण अण्णांच्या डायरीत टिंबांचा सुकाळ. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, ही बातमी आमच्या घरापर्यंत पोचलीच नव्हती. अण्णा शेवटपर्यंत 'कांहीं' आणि 'नांव' लिहीत. त्यात त्यांचं शाईचं पेन ठिबकायचं. तेव्हा शब्दावरचं टिंब हा अनुस्वार की डाग, हाच निवाडा दर ओळीला करावा लागे. डाग असेल तर तो कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेला दिसतो. अनुस्वार सहसा उमटत नाही. एवढं शिकलो. पण त्या गर्दीत माझी टिंबं सोडणं म्हणजे पोह्यात तांदूळ मिसळून निवडत बसणं.

मग भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. संपादकांना ज्या पाठाची पुरती खात्री नाही त्याच्याखाली तिथे नागमोडी रेघ असते. पुण्याची पद्धत, घरची. पण डायरीचं पहिलंच पान उघडलं तर नागमोडी रेघ हजर! कुणाला उसने पैसे दिले की अण्णा रकमेखाली तशी रेघ मारत. अर्थ तोच, खात्री नाही. पण दोघांच्या रेघा एका पानावर आल्या असत्या तर व्यासांची शंका कुठली आणि शेजाऱ्यांची कुठली, कळलं नसतं.

साधं प्रश्नचिन्ह? तेही अण्णांचंच. 'कोथिंबीर १० पैसे ?' ही शंका नाही, हा संताप आहे. गोल कंसही त्यांच्या मालकीचा, कारण त्यात ते '(म्हणे)' लिहीत. 'साहेब आजारी (म्हणे).' उरला चौकोनी कंस. तो अण्णांनी जन्मात वापरला नव्हता. म्हणून ठरवलं, चौकोनी कंसातलं सगळं माझं, बाहेरचं सगळं अण्णांचं.

त्या कंसात काय लिहायचं याचं पहिलं प्रात्यक्षिक ११ डिसेंबरला झालं. कोयनेच्या भूकंपाचा दिवस. नोंद अशी: 'पहाटे भूकंप. फडताळांतून', मग ओलीने फिसकटलेला एक शब्द, मग 'पडून फुटली. सौ. जागी झाली नाही.' आईला विचारलं. ती म्हणाली, "कपबशी असेल." मग म्हणाली, "घड्याळ बाई." घड्याळ फुटली होत नाही, तेव्हा ते बाद, 'फुटली' शाबूत होतं हे नशीब. कपबशीत चार अक्षरं, आणि फिसकटलेली जागा तिनाची. भिंगाखाली शेवटी एक दुसरी वेलांटी दिसली. बरणी. तरीही अंदाज तो अंदाजच, म्हणून '[बरणी?]' असं लिहिलं. ज्याचा अंदाजही येत नाही तिथे नुसता अक्षरांचा आकडा, '[३]'. आणि कसरीने खाल्लेलं असेल तर '[गेले]'. हे दोन वेगळे ठेवायलाच हवेत. एकात दोष माझ्या डोळ्यांचा आहे, दुसऱ्यात किड्यांचा. आईने मात्र शेवटपर्यंत एकच हरकत घेतली, "मी जागी झाले होते." त्याला आमच्या पद्धतीत खूण नाही.

खरं रण माजलं ते जूनच्या एका नोंदीवर. 'सकाळीं भाऊ आल', पुढे पावसाच्या गळतीने पुसलेलं. 'दूध पिऊन गेल', पुन्हा पुसलेलं. भाऊ म्हणजे अण्णांचे धाकटे बंधू, आमचे भाऊकाका. आज ब्याऐंशीचे. मी बिनदिक्कत 'भाऊ आला' करून पुढे गेलो होतो. मग श्रावणात लख्ख अक्षरात सापडलं: 'माऊ व्याली. ४.'

अण्णा शिरोरेघ देत नसत. शिरोरेघेवाचून भ आणि म यांत फरक उरतो तो डाव्या डोक्यावरच्या एका वळीचा. म्हणून मी निर्विवाद भ गोळा केले: भाजी, भाडें, भजन, भूकंप. एकूण एक्केचाळीस. त्यांतल्या अकरांना वळीच नव्हती, आणि ते सगळे कामाच्या दिवशीचे. रविवारी अण्णांना वळी काढायला सवड असे. जूनची ती नोंद गुरुवारची होती. आणि 'आला' की 'आली' हे सांगणारं एकमेव अक्षर पावसाने नेलेलं.

आता भाऊकाकांना दुधाची साय दिसली तरी तोंड फिरवतात. ते आयुष्यभर चहावर जगले. ही माहिती मांजरीच्या बाजूने जाते, म्हणून मी '[माऊ?] आल[१]' असं केलं आणि मसुदा त्यांना वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात.

"ह्यात मी कुठे आहे?"

"काका, तुम्ही दूध पीत नाही ना."

"तेव्हा पीत होतो."

"कधीपासून सोडलंत?"

काकांनी थोडा विचार केला. "जुलैपासून."

यावर काय बोलणार? उत्तर द्यायच्या आत त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. पूर्ण वर्षाच्या डायरीत त्यांचं नाव याखेरीज दोनदाच येतं, आणि दोन्ही वेळा खाली नागमोडी रेघ आहे. हे मी त्यांना दाखवलं नव्हतं, पण त्यांना पाठ असावं. त्यांनी चहा घेतला, दुधाचा कप मुद्दाम मागून घेतला, डोळे मिटून अर्धा प्यायले आणि गेले.

मी नोंद '[भाऊ? माऊ?] आल[१]' अशी केली. दोन्ही पाठ, दोघांनाही प्रश्नचिन्ह. काकांचा क्रम पहिला ठेवला, वयाचा मान म्हणून.

ताईच्या आग्रहाखातर टीप शेवटी अर्ध्या पानात बसवली, ती अशी:

'चौकोनी कंसातला मजकूर उतरवणाऱ्याचा आहे. प्रश्नचिन्हासह शब्द म्हणजे अंदाज. नुसता आकडा म्हणजे तेवढी अक्षरे आहेत, वाचता येत नाहीत. [गेले] म्हणजे कागदच नाही. कंसाबाहेरची प्रश्नचिन्हे अण्णांची असून ती भाजीच्या भावाबद्दल आहेत. शुद्धलेखन सुधारलेले नाही. अण्णांनी खोडलेले शब्द वाचता आले तरी दिलेले नाहीत, हा ताईचा निर्णय आहे. पान ८८ वरचा चार अक्षरी शब्द कोणाला लागल्यास कळवावे. तो माझ्या बारशाच्या दिवशीचा असून त्याखाली नागमोडी रेघ आहे.'