छेद सापडल्यास कळवावे

16 जून 2020 या एका दिवसात महाराष्ट्राच्या कागदावर 1,328 माणसं जादा मेली. प्रत्यक्षात ती त्याआधीच्या दिवसांत, आठवड्यांत गेली होती. नोंद मात्र तेवढी राहून गेली होती. त्या दिवशी राज्यात कोरोनाचे एकूण 1,13,445 रुग्ण होते. आदल्या दिवसापर्यंतचे 4,128 मृत्यू आणि त्या दिवशीचे 81 एवढेच धरले, तर मृत्युदर 3.7 टक्के निघत होता. मग राहिलेल्या नोंदींचा ताळमेळ घातला गेला, त्यातून 1,328 मृत्यू वर आले (त्यातले 862 एकट्या मुंबईचे), आणि दर 4.9 टक्क्यांवर जाऊन बसला. विषाणूने त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काहीही केलं नव्हतं. उडी मारली ती कारकुनी खात्याने.

हाच आकडा 10 एप्रिलला 7 टक्के होता: 1,574 रुग्ण, 110 मृत्यू. 31 मे रोजी तो 3.4 वर आला होता. म्हणजे विषाणू तोच, राज्य तेच, आणि दर सातावरून साडेतीनच्या खाली, तिथून पुन्हा पाचाजवळ. प्रत्येक टप्प्यावर कारण सांगायला कोणी ना कोणी वाहिनीवर हजर होतंच. दर चढला की महाराष्ट्राचं नशीब, उतरला की प्रशासनाचं कौतुक. खरं कारण इतकं रटाळ होतं की त्यावर चर्चा रंगली नसती. सुरुवातीला चाचणी व्हायची ती परदेशातून आलेल्यांची, त्यांच्या संपर्कातल्यांची आणि श्वास लागून दवाखान्यात दाखल झालेल्यांची. घरात दोन दिवस कणकण येऊन बरा झालेला माणूस कुठल्याच रकान्यात नव्हता. पुढे चाचण्या वाढल्या, सौम्य आजारी सापडू लागले, छेद फुगला आणि दर पडला.

इथे दोन वेगळे दर आहेत आणि आपण दोन्हींना ‘मृत्युदर’ म्हणून मोकळे होतो. पहिला रुग्ण-मृत्युदर, म्हणजे सीएफआर: सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले. दुसरा संसर्ग-मृत्युदर, म्हणजे आयएफआर: ज्यांना ज्यांना लागण झाली, मग ती कळो न कळो, त्यांपैकी किती दगावले. पहिल्याचा छेद रोज संध्याकाळच्या पत्रकात छापून येतो. दुसऱ्याचा छेद कोणाच्याच दफ्तरी नसतो, तो शोधावा लागतो. त्यामुळे साथीच्या सुरुवातीला पहिलाच हाती असतो आणि तोच दुसऱ्याच्या नावावर खपतो.

हा घोळ आपल्याकडचाच होता असं मात्र नाही. 3 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सांगितलं, की नोंद झालेल्या रुग्णांपैकी जगभरात सुमारे 3.4 टक्के मरण पावले आहेत. आणि लगेच पुढे सांगितलं, की हंगामी फ्लूची लागण झालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्यापेक्षा खूपच कमी असतं. एका श्वासात दोन छेद! पहिल्या वाक्यात नोंद झालेले रुग्ण, दुसऱ्यात लागण झालेले सगळे. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी 3.4 हा आकडाच खोटा आहे आणि आपल्या अंदाजाने खरा दर एक टक्क्याच्या खाली आहे, असं जाहीर केलं. गंमत म्हणजे गणितापुरतं त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. चुकली ती त्यातून काढलेली निश्चिंती. कोणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसलेल्या 33 कोटींच्या देशात अर्ध्या टक्क्याचा अर्थ काय होतो, हे त्यांनी गुणून पाहिलं नाही.

हरवलेला छेद शोधायचा तर रक्त काढावं लागतं. मुंबईत ते जून-जुलै 2020 मध्ये झालं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत सुमारे सात हजार लोकांचं रक्त अँटीबॉडीसाठी तपासलं. झोपडपट्ट्यांत 57 टक्के लोकांच्या रक्तात त्या सापडल्या, इमारतींत 16 टक्के. म्हणजे त्या वस्त्यांत दर दोन माणसांमागे एकाला लागण होऊन गेलेली, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

हे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा अख्ख्या मुंबईच्या नोंदवहीत सुमारे 1 लाख 10 हजार रुग्ण होते आणि मृत्यू सहा हजारांवर. भागाकार केला तर साडेपाच टक्के. आणि महापालिकेच्या पत्रकात संसर्ग-मृत्युदराचा अंदाज होता 0.05 ते 0.10 टक्के. पन्नास ते शंभर पटींचा फरक, आणि दोन्हींचा अंश जवळपास तोच! फरक आला तो सगळा छेदातून. सव्वा कोटीच्या शहरात तिघांतल्या एकाला जरी लागण झाली असं धरलं, तरी बाधित चाळीस लाखांच्या पुढे जातात. नोंदवहीत त्यातला जेमतेम चाळिसावा भाग होता. याची चाहूल रक्त काढण्याआधीही लागू शकत होती. शंभर स्वॅबांमागे वीस-पंचवीस पॉझिटिव्ह निघत असतील, तर आपण फक्त अट्टल आजाऱ्यांनाच तपासतो आहोत आणि बाकीचे बाहेर फिरताहेत, हे उघड असतं. मृत्युदराच्या शेजारी पॉझिटिव्हिटीचा आकडा नसेल, तर त्या मृत्युदराशी फार वेळ बोलत बसू नये.

आता इथवर वाचून एक विशिष्ट प्रकारचा वाचक खूश झाला असेल. ‘मी तेव्हाच म्हणालो होतो, सुरुवातीचे आकडे फुगवलेलेच असतात.’ थांबा, काका. 2003 ची सार्सची साथ आठवा. सुरुवातीला सार्सचा मृत्युदर चार टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता. 7 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तो सुधारून 14 ते 15 टक्के केला. साथ संपल्यावर पक्का हिशेब झाला, तेव्हा 8,096 रुग्णांत 774 मृत्यू निघाले, म्हणजे 9.6 टक्के. सुरुवातीचा आकडा फुगलेला तर नव्हताच, निम्म्याहून कमी होता.

असं का झालं, ते एका साध्या हिशेबात दिसतं. समजा एक रोग आहे, त्यात सापडलेल्या दहांतला एक मरतो, आणि नोंद झाल्यापासून मरेपर्यंत दोन आठवडे जातात. रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होताहेत. आज एकूण रुग्ण 1,000 असतील, तर दोन आठवड्यांपूर्वी ते 250 होते. आजवर मेलेले 25 हे त्या 250 मधले. आपण मात्र 25 ला हजाराने भागतो आणि अडीच टक्के जाहीर करतो. उरलेले साडेसातशे अजून क्रीजवर उभे आहेत. त्यांना आताच नाबाद धरून सामन्याचा निकाल लावण्यात आला आहे. साथ जितक्या वेगाने वाढते तितका हा आकडा जास्त फसवतो, आणि तोही गोड बाजूने. मार्च 2020 च्या सुरुवातीला दक्षिण कोरियाचा अर्धा टक्का जगाने डोक्यावर घेतला होता. एप्रिलअखेर तोच 2.3 टक्के झाला. नवे रुग्ण जवळपास थांबले होते, आधी दाखल झालेले मात्र मरत राहिले. रुग्ण कमी होताना दर चढू लागला, की ही उशिराची वसुली आहे असं बेलाशक समजावं.

यावर कोणीतरी शक्कल काढली, की ज्यांचा निकाल लागला तेवढेच मोजा: बरे झालेले अधिक मेलेले. एप्रिल 2020 मध्ये या पद्धतीने जगाचा मृत्युदर वीस टक्क्यांच्या आसपास निघत होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो पहाटेच्या शुभेच्छांबरोबर यायचा. पण मेलेल्याची नोंद तुलनेने लवकर होते. बऱ्या झालेल्याला तेव्हा घरी जायला लागोपाठ निगेटिव्ह अहवाल हवे होते. 8 मे रोजी केंद्राने नियम बदलला आणि सौम्य रुग्णांना दहा दिवसांनी चाचणीशिवाय घरी सोडायची मुभा दिली. त्यामुळे ‘निकाल लागलेल्यां’ची संख्या वाढली आणि या पद्धतीचा दर उतरला. औषध नवं नव्हतं, फक्त परिपत्रक नवं होतं.

म्हणजे सुरुवातीच्या आकड्याला दोन बाजूंनी ओढ असते. न सापडलेले सौम्य रुग्ण तो वर ढकलतात, अजून न झालेले मृत्यू तो खाली खेचतात. कोण जास्त जोर लावतं, ते रोगावर अवलंबून असतं. सार्समध्ये लागण झालेला बहुधा अंथरुणालाच खिळायचा, लपलेले सौम्य रुग्ण थोडे होते, म्हणून आकडा पुढे चढला. कोरोनात लपलेले भरमसाट होते, म्हणून तो पडला. पहिल्या महिन्यात हे आधीच कळत असतं तर साथरोगतज्ज्ञांना दाढी करायला तरी वेळ मिळाला असता.

बरं, संसर्ग-मृत्युदर हाती आला म्हणजे सत्य सापडलं, असंही नाही. तो विषाणूच्या कपाळावर कोरलेला नसतो. 2020 मधल्या अनेक देशांच्या सर्वेक्षणांतून वयानुसार काढलेले अंदाज पाहा: पंचविशीत 0.01 टक्के, पासष्टीत 1.4, पंच्याऐंशीत 15. मुंबईच्या झोपडपट्टीत तरुण जास्त, इमारतीत आजी-आजोबा जास्त. म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपडपट्टीचा दर 0.076 टक्के आणि इमारतींचा 0.263 निघाला. शहर एक, महिना एक, विषाणू एक. तरीही त्या पावसाळ्यापासून पुढचं वर्षभर ‘आपला दर 0.1, आपली इम्युनिटीच वेगळी’ हे वाक्य अनेक दिवाणखान्यांत म्हटलं गेलं. आणि दिवाणखाने तर 16 टक्केवाल्या इमारतींत होते, जिथे बहुतेकांची पाळी अजून यायचीच होती.

शिवाय त्या 0.1 चा अंश कुठून आला? सरकारी नोंदीतून. त्याच नोंदीतून, जिच्यात जूनमध्ये एका दिवसात 862 मुंबईकर सापडले होते. छेद शोधायला वस्त्यांत जाऊन रक्त काढलं गेलं. अंश मात्र जसा पत्रकात आला तसा घेतला गेला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला, की 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे 47 लाख मृत्यू जास्त झाले; सरकारी आकडा होता सुमारे 4.8 लाख. या जादा मृत्यूंत कोरोनाशिवाय इतर कारणांचेही आले, पण दहापटीची दरी तेवढ्याने भरत नाही. केंद्र सरकारने तातडीने पत्रक काढून ती गणिती पद्धतच अमान्य केली. 0.1 टक्क्याच्या पद्धतीवर हरकत घेणारं सरकारी पत्रक मात्र माझ्या पाहण्यात नाही.