उणे अकरा साबण

अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात किराण्याचं दुकान चालवणारा शेठ यंत्राला घाबरतो, असं कुणी समजू नये. गल्ल्याजवळचा यूपीआयचा डबा पैसे आल्याचं ओरडतो, तेव्हा तो देवाचा कौल ऐकावा तशी मान डोलावतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हटलं की मात्र चष्मा कपाळावर जातो. "वहीले पासवर्ड लागत नाई अन् लाईट गेली तरी ते दिसते."

अशा शेठसाठी एका तरुणानं हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या साठ सेकंदांच्या जाहिरातीची संहिता लिहिली. पहिलंच वाक्य: 'आपला व्यवसाय नव्या उंचीवर न्या!'

"उंचीवर कायले? माल खाली उतरवालेच हमाल भेटत नाई." शेठनं दोन गिऱ्हाइकांच्या मधे, आवाज बंद करून व्हिडिओ पाहिला होता. त्यातली गोड निवेदिका त्याच्यापुरती मुकीच होती.

खरं दुखणं जुनं होतं. शेठनं एकदा सॉफ्टवेअर घेतलं होतं. साबणाची एक पेटी आली, मुलानं खरेदीत '1' टाकलं. दिवसभरात बारा वड्या विकल्या, त्या '12' म्हणून चढल्या. रात्री पडद्यावर शिल्लक आली: उणे अकरा! शेठनं फळीवर मोजल्या, तर साठ वड्या. "नसलेले साबण विकणारा मी वऱ्हाडातला पहिलाच," म्हणून त्यानं संगणकावर टॉवेल टाकला.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. खरेदी पेटीत आणि विक्री नगात, पण एका पेटीत 72 नग हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढं एकदा भरलं की 72 वजा 12, साठ. पडद्यावर उणे शिल्लक दिसली, तर बहुधा एकक तरी चुकलेलं असतं किंवा खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं.

तरुणानं संहिता फाडली आणि हीच गोष्ट लिहिली. सुरुवातीला फळी, पडदा, मोठ्या अक्षरांत 'उणे 11', आणि शेठची शंका त्याच्याच वऱ्हाडीत. मग पेटीचे 72 नग भरणारं बोट. शेवटी साठ. प्रत्येक वाक्य पडद्यावर लिहिलेलं, कारण दुकानात आवाज बंदच असतो. 'सगळं आपोआप' हे जुन्या संहितेतले शब्द त्यानं काढले, ते बरं केलं. 22 सप्टेंबर 2025 ला अंघोळीच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तो नवा दर टाकला की नाही, हे मालकालाच पाहावं लागतं.

शेठनं व्हिडिओ दोनदा पाहिला. "हे पोरगं दुकानात बसेल दिसते," एवढंच म्हणाला.

आता संगणकावरचा टॉवेल निघालाय, पडद्यावर साठ आहेत. पेटीवरही पेन्सिलीनं साठ लिहिलंय, आणि उधारी अजून लाल वहीतच आहे.