आत्याच्या फोनात माझा उंदीर

आत्याची तक्रार एका वाक्याची होती. "व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला की वाजतो, मेसेज आला की मुका." ती मिरजेला, मी पुण्यात. फोनवरून सांगायला लागलो आणि पहिल्याच मिनिटाला अडलो.

"सेटिंगमध्ये जा, नोटिफिकेशन शोध."

"इथं नोटिफिकेशन नाही. 'सूचना' आहे."

"तेच ते."

"मग तसं म्हण ना."

आत्याचा फोन मराठीत आहे. मी मराठीतून पोट भरतो, पण माझा फोन इंग्रजीत. वीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना भाषांतर पुरवत होतो. मग मला शहाणपण सुचलं. लॅपटॉपवरून तिचा स्क्रीनच दिसला आणि माझ्याच माउसनं तिथली बटणं दाबता आली, तर ही जुगलबंदी संपेल! तशी अ‍ॅप्स असतात. एक तिच्या फोनवर टाकायचं, एक माझ्या लॅपटॉपवर. तिच्या स्क्रीनवर एक लांबलचक आकडा येतो. तो तिनं मला सांगायचा, मी इकडे टाकायचा, तिनं 'स्वीकारा' म्हणायचं.

"आकडा सांगायचा नाही," आत्या म्हणाली.

"अगं, मी सांगतोय ना."

"ते पण असंच म्हणतात. बँकेत पाटी लावलीय."

तिचं काही चुकलं नव्हतं. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'एनीडेस्क'चं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, ते नेमकं याच खेळाबद्दल. समोरचा 'कस्टमर केअर' अ‍ॅप टाकायला लावतो, आकडा विचारतो आणि मग खातं धुऊन नेतो. अ‍ॅप तेच, पायऱ्या त्याच, गोड आवाजही तोच. फरक एवढाच की मी तिचा भाचा, आणि भाचा आहे हे त्या आकड्याला कळत नाही. शेवटी तिनं फोन ठेवला, तिच्याकडे असलेल्या माझ्या जुन्या नंबरावर स्वतःहून लावला आणि मीच उचलला याची खात्री केली. एवढी अक्कल मलाही आयत्या वेळी सुचली नसती.

आकडा मिळाला. फोननं तिला विचारलं, संपूर्ण स्क्रीन दाखवायचा की एकच अ‍ॅप? नव्या अँड्रॉइडमध्ये हा प्रश्न येतो आणि सभ्य माणूस कमीत कमी दाखवावं म्हणून 'एकच अ‍ॅप' निवडतो. आत्या सभ्य आहे. व्हॉट्सअ‍ॅप दिसलं, पण ती सेटिंगमध्ये गेली की माझ्याकडचं चित्र गायब. पुन्हा जोडणी, पुन्हा आकडा, या वेळी 'संपूर्ण'.

दिसायला लागलं. मी ऐटीत माउस सरकवला. बाण फिरतोय, बटण दाबतोय, तिकडे ढिम्म. बाण फिरतोय पण काही उघडत नाही, तेव्हा समजावं की आपल्याला डोळे मिळालेत, हात नाही. स्क्रीन दाखवण्याची परवानगी वेगळी आणि तो हाताळण्याची वेगळी. दुसरीसाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाच्या कोपऱ्यात जाऊन त्या अ‍ॅपची सेवा चालू करावी लागते. काही कंपन्यांच्या फोनांवर वर एक जोड-अ‍ॅपही टाकावं लागतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीची सोय अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी आहे. तिथं बसलेलं अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. म्हणून फोन लाल अक्षरांत नाही तरी लांब परिच्छेदात घाबरवतो.

आता ही सेवा चालू कोण करणार? माझा हात तर अजून पोचलेला नाही. म्हणजे सेटिंगमधली वाट आत्याला फोनवर सांगणं टळावं म्हणून हा सगळा घाट, आणि त्या घाटाची पहिली पायरी म्हणजे सेटिंगमधली वाट आत्याला फोनवर सांगणं. आणखी पंधरा मिनिटं. पण या वेळी मला दिसत होतं, त्यामुळे "वर, वर, अजून वर, गेलं बघ" एवढ्यावर भागलं.

मग मात्र उंदीर चालला. आत्या म्हणाली, "अरे, आपोआप सरकतंय! भूत शिरल्यासारखं." मिरजेचं नेट डुलक्या घेत होतं. मी दाबलं, काही झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. पहिली टिचकी तेवढ्यात पोचली, पान बदललं आणि दुसरी टिचकी नव्या पानावर भलतीकडे पडली. आत्याच्या फोनावरून तिच्या दूधवाल्याला व्हिडिओ कॉल गेला. तोही बिचारा उचलायला तत्पर. लांबून फोन हाताळताना एक टिचकी मारावी आणि हात मांडीवर ठेवून बसावं.

आजार तसा किरकोळ निघाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या आत सगळं ठीक, टोन निवडलेला, आवाज पूर्ण. पण अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपच्या सूचनांचे वेगवेगळे गट पाडतं. कॉल वेगळे, मेसेज वेगळे. कधीतरी आलेली सूचना बाजूला सारताना आत्याचं बोट जरा जास्त वेळ दाबून राहिलं असणार. तिथं 'सायलंट' असा पर्याय उगवतो आणि तो लागला की मेसेजचा अख्खा गट मुका होतो. म्हणूनच कॉल वाजत होते. तिचं पहिलं वाक्यच निदान होतं, मी ऐकलं नाही एवढंच. फोनची सेटिंग, अ‍ॅप्स, व्हॉट्सअ‍ॅप, सूचना, आणि तिथं मेसेजसमोरचं 'सायलंट' काढायचं. मोजक्या टिचक्या.

यासाठी उंदीर लागतच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवरच स्क्रीन दाखवता येतो, ही सोय २०२३पासून आहे. त्यात आपल्याला नुसतं दिसतं, हात घालता येत नाही. आमच्या पिढीला ते सहन होत नाही. "दे इकडे" म्हणून मोठ्यांच्या हातातला फोन हिसकावण्याची हौस आता शंभर कोसांवरूनही भागते.

हात मिळालाच होता, म्हणून म्हटलं बँकेचं अ‍ॅपही बघून देतो. उघडलं तर माझ्याकडे काळा चौकोन, आत्याकडे सगळं व्यवस्थित. बँकांची अ‍ॅप्स आपलं पान दुसऱ्याला दिसू देत नाहीत, काही तर असं पाहुणं अ‍ॅप फोनात असलं की उघडतच नाहीत. "काळं दिसतंय?" आत्यानं विचारलं. "हो." "बरं झालं."

जाताना मी अ‍ॅक्सेसिबिलिटीतली सेवा बंद करवली आणि पाहुणं अ‍ॅप काढून टाकायला लावलं. त्याआधी एक उपकार आणखी केला. चॅटच्या यादीत चार गटांपुढे आवाज बंद असल्याची खूण दिसत होती. म्हटलं, हाही त्याच आजाराचा भाग. चारही मोकळे केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला फोन.

"तो भावकीचा गट कुणी वाजता केला?"

"मीच. बंद पडला होता ना."

"बंद पडला नव्हता. मी 'नेहमीसाठी' म्यूट केला होता. दोन वर्षं झाली."

"थांब, लॅपटॉप उघडतो."

"उघडू नकोस. गटावर बोट दाबून धरायचं, वर आवाजाची खूण येते. मला येतं ते."